डग्गा परत आला की सम चौथ्या पावलावर

परभणी-नांदेडकडच्या सप्ताहात वाढलेल्या माणसाला ताल शिकवावा लागत नाही. भजनी ठेका बहुतेक वेळा आठ मात्रांचा असतो, तो लगेच फिरून येतो आणि टाळ धरणाऱ्याचा हात आपोआप समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर पडतो. तोच माणूस ख्यालाच्या मैफलीत बसला की गोंधळतो. तीनतालाचं आवर्तन सोळा मात्रांचं असतं. मिनिटाला १२० मात्रा अशी लय धरली तरी सम परत यायला आठ सेकंद लागतात.

अशा वेळी बरेच जण बंदिशीची ओळ जिथे सुरू होते तिलाच सम समजतात. ही फसगत ठरलेलीच आहे, कारण तीनतालातल्या कितीतरी छोट्या ख्यालांचा मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या 'खाली'वरून उठतो. सम त्यानंतर आठ मात्रांनी येते, ओळीतल्या एखाद्या ठसठशीत अक्षरावर.

म्हणून शब्द जरा बाजूला ठेवून डावीकडचा डग्गा ऐकावा. ठेका असा:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

'धा' आणि 'धिं' या बोलांत डग्ग्याचा घुमारा असतो, 'तिं' आणि 'ता' मध्ये नसतो. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत खालचा आवाज गायब होतो. (नवव्या मात्रेवर पुस्तकात 'धा' असला, तरी बरेच वादक तिथेही 'ता' वाजवतात.) वर सांगितलेल्या लयीत ही पोकळी दोनेक सेकंदांची असते, कानाला सहज कळते. गंमत म्हणजे तेराव्या मात्रेवर हाताने टाळी द्यायची असते, पण डग्गा अजून गप्पच असतो. तो परततो चौदाव्या मात्रेवर. मग मोजायचं: धिं, धिं, धा आणि पुढचा 'धा' ही सम. गायक आणि तबलजी तिथे एकत्र येतात.

दोन-चार आवर्तनं असं ऐकलं की मोजणं सुटतं. ठोक्यावर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे मेंदू ठोका ऐकून हलत नाही, पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधून हलतो. डग्ग्याची पोकळी त्या अंदाजाला खूण पुरवते.

तबलजी ठेका सोडून तुकडा किंवा तिहाई वाजवायला लागला, की ही खूण पुसली जाते. तेव्हा आधी पकडलेली लय पायाने चालू ठेवावी, तुकड्यातल्या जोरदार 'धा'च्या मागे धावू नये. तिहाईत एकच बोल तीनदा येतो आणि बहुधा तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर पडतो. आधीचे दोन 'धा' नवख्याला हमखास चकवतात.

रूपक तालात मात्र ही युक्ती उलटी पडते. तिथे सात मात्रा: तीं तीं ना | धी ना | धी ना. सम खुद्द 'खाली'वरच आहे, तिच्यात डग्गा नाहीच. घुमारा पहिल्यांदा येतो तो चौथ्या मात्रेवर, तेव्हा तो ऐकून जो 'सम आली' म्हणतो, त्याची सम तीन मात्रांपूर्वीच होऊन गेलेली असते.