रेकॉर्डचा आवाज संगणकात घेताना पातळ का होतो?

रेकॉर्ड प्लेअरची वायर थेट संगणकाच्या लाइन इनपुटमध्ये खोचली, की आधी आवाज अगदी बारीक येतो. पातळी कितीही वाढवली तरी तबला आणि बास गिटार हरवलेलेच राहतात; ऐकू येतात ते टोचणारे ‘स’ आणि सुईची खरखर. वायर सहसा ठीक असते. तबकडीवर आवाज मुळातच असा कोरलेला असतो.

सुई ज्यात बसवलेली असते त्या चुंबकीय कार्ट्रिजमधला विद्युतदाब सुई किती लांब हलली यावर नाही, तर किती वेगाने हलली यावर ठरतो. म्हणून १००० हर्ट्झच्या सुराइतकाच दाब ५० हर्ट्झला मिळवायचा, तर सुईला वीसपट रुंद झोका घ्यावा लागेल. मग शेजारचे चर एकमेकांत घुसतील, नाहीतर चरांमधलं अंतर इतकं वाढवावं लागेल की एका बाजूवर जेमतेम काही मिनिटांचंच संगीत मावेल. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात. वरचे सूर उलट वाढवून कोरतात, कारण ऐकताना ते पुन्हा खाली आणले की त्यांच्यासोबत खरखरही दबते.

किती दाबायचं, किती वाढवायचं याचं माप १९५४ पासून आरआयएए या अमेरिकी संघटनेच्या नावाने ओळखलं जातं. त्याआधी कंपन्यांची मापं वेगवेगळी होती, त्यामुळे जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना हे माप लागू पडत नाही. १००० हर्ट्झ पाया धरला, तर वाजवताना ५० हर्ट्झ सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट, वर उचलावा लागतो आणि १०,००० हर्ट्झ जवळपास १४ डेसिबल, म्हणजे पाचपट, खाली आणावा लागतो. हे काम फोनो प्रीअँप करतो. शिवाय कार्ट्रिजचे चार-पाच मिलिव्होल्ट तो साधारण शंभरपट करतो.

मग हीच दुरुस्ती संगणकात का करू नये? ऑडिओ संपादनाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे माप तयारच मिळतं. पण खर्ज सातपट करताना विजेच्या वायरींतून शिरलेली ५० हर्ट्झची गुणगुणही सातपट होते. दुसरी अडचण सहज लक्षात येत नाही. चुंबकीय कार्ट्रिजला समोर ४७ किलोओहमचा रोध लागतो. लाइन इनपुटचा बऱ्याचदा १० किलोओहमच्या आसपास असतो. कार्ट्रिजच्या वेटोळ्यामुळे एवढ्या कमी रोधावर तीन-चार हजार हर्ट्झपासूनच वरचे सूर गळू लागतात. त्यावर सॉफ्टवेअरने ते आणखी खाली आणले, की आवाज पातळ राहत नाही, पण घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो.

काही प्लेअरमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे फोनो-लाइन असा खटका असतो. तो ‘लाइन’वर ठेवून बाहेरचा प्रीअँपही जोडला, तर दुरुस्ती दोनदा होते आणि आवाज फाटून नुसता घुमतो. थेट संगणकाला जोडताना मात्र खटका ‘लाइन’वरच हवा.