कार्बन डायऑक्साइडच्या नोंदीवर चालणारा शयनगृहाचा पंखा (कोकण किनारा)

खोलीतील कार्बन डायऑक्साइड मोजून एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू-बंद करण्याची घरगुती पद्धत. कौलारू घरात हवा फटींतून येत-जात असते, तिथे याची गरज सहसा पडत नाही. स्लॅबच्या घरात मात्र पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या जातात. स्प्लिट एसी असला तरी तो आतलीच हवा फिरवतो.

सुमारे ३० घनमीटरच्या खोलीत झोपलेली दोन माणसे मिळून तासाला साधारण २४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. हवा अजिबात बदलली नाही, तर पातळी तासाला ८०० पीपीएमने चढेल. पंख्यामुळे तासाला १०० घनमीटर हवा बदलत असेल, तर बाहेरच्या ४२५ वर २४० ची भर पडून ती ६६५ च्या आसपास स्थिरावते. म्हणून पंखा ६५० ला बंद करायचा ठरवला, तर तो रात्रभर थांबणारच नाही. ९०० हा एकच आकडा ठेवला, तर सेन्सरची नोंद त्याच्या वर-खाली होताच रिले कटकट करत राहतो. उपाय म्हणजे दोन आकडे, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात पंखा आहे तसाच राहू देणे:

```
if (co2 > 1000) fan = true;
else if (co2 < 750) fan = false;
```

या खोलीत पंखा सुमारे २५ मिनिटे चालतो. फटींतून थोडी गळती धरली, तर पुढची जवळपास तेवढीच मिनिटे तो बंद राहतो. आकडे याहून खाली आणण्याचा हव्यास बरा नव्हे, कारण पंखा जितका जास्त चालेल तितकी बाहेरची दमट हवा आत येते.

खरी गोम सेन्सरच्या आधाररेषेत आहे. अवरक्त प्रकाशावर चालणारे अनेक सेन्सर ठरावीक मुदतीतील, बहुधा आठवडाभरातील, सर्वांत कमी नोंद ही बाहेरची हवा, म्हणजे ४००, असे गृहीत धरून स्वतःला सुधारतात. बंद खोली ५५० च्या खाली उतरलीच नाही, तर तेच ४०० मानले जाते. मग प्रत्यक्षात ११५० झाल्यावर पंखा सुरू होतो. असा सेन्सर पडवीत नेल्यावर ४०० हून बराच कमी आकडा दाखवतो. काही सेन्सर मात्र ४०० च्या खाली दाखवतच नाहीत, त्यांच्यात ही चूक लपून राहते.

अशा खोलीत स्वयंसुधारणा बंद करून कॅलिब्रेशन हातानेच करावे. सेन्सर बाहेर सावलीत, कोरड्या जागी ठेवून नोंद स्थिर होऊ द्यावी आणि मग ४२५ हा संदर्भ द्यावा. पहाटे नारळी-पोफळीच्या बागेत हे करू नये. रात्रभर झाडे आणि माती श्वसन करत असतात, वारा पडलेला असतो, त्यामुळे तिथली पातळी चढलेली असते. दुपारी खारे वारे सुटल्यावर हवा नीट मिसळलेली मिळते. आपला उच्छ्वास सेन्सरवर जाऊ नये म्हणून संदर्भ देताना हातभर दूर उभे राहावे.