पहिले लेणे कोणत्या हाताला?

गेल्या महिन्यात वर्तमानपत्राच्या घडीतून एक रंगीत पत्रक घरात आले. डोळ्यांवर पट्टी बांधूनही मुलांना पुस्तक वाचता यावे यासाठी त्यांचा ‘मध्यमेंदू’ जागृत करून देण्याचे आश्वासन त्यात होते आणि शुल्क काही हजारांत होते. झाकलेल्या डोळ्यांनी कोणीही वाचू शकत नाही. अशा प्रयोगांत मूल नाकाजवळच्या फटीतून खाली पाहत असते, आणि ही फट नीट बंद केली की त्याचे वाचनही थांबते. या फसवणुकीबद्दल अनेकांनी लिहिले आहे. माझा विषय त्या पत्रकामुळे आठवलेली एक खरी आणि मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे: वाचलेल्या स्थळवर्णनाचे चित्र मनात उभे करायचे असेल, तर वाचणाऱ्या डोळ्यांना मध्ये मध्ये खरोखर थांबवावे लागते.

फुलंब्री तालुक्यातील एका शाळेत मी दर शनिवारी सहावीच्या मुलांबरोबर वाचनाचा तास घेतो. तेथे वाचण्यासाठी मी पुढील उतारा लिहून नेला होता.

“वेरूळची लेणी एका पश्चिमाभिमुख कड्यात, दक्षिणोत्तर सुमारे दोन किलोमीटर अंतरात कोरलेली आहेत. दक्षिण टोकाला १ ते १२ क्रमांकाची बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या उत्तरेस १३ ते २९ ही हिंदू लेणी आहेत. त्यांपैकी १६ व्या क्रमांकाचे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले आहे. उत्तर टोकाला ३० ते ३४ ही जैन लेणी आहेत.”

मुलांनी उतारा अडखळल्याशिवाय वाचला. जैन लेण्यांचे क्रमांक कोणते, कैलास कितव्या क्रमांकाचे, या प्रश्नांची उत्तरे लगेच आली, कारण ती उताऱ्यात जशीच्या तशी होती. मग मी विचारले, “तुम्ही कैलासच्या समोर, कड्याकडे तोंड करून उभे आहात. पहिले लेणे तुमच्या कोणत्या हाताला?” जवळजवळ सगळ्यांनी डावा हात वर केला.

उत्तर उजवा हात असे आहे. कड्याचे तोंड पश्चिमेकडे आहे, म्हणून त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड पूर्वेकडे होते आणि त्याच्या उजव्या हाताला दक्षिण येते. मुलांची चूक मात्र निष्काळजीपणाची नव्हती. पट्टीवरचे, वहीतले आणि फळ्यावरचे आकडे डावीकडून उजवीकडे वाढत जातात, त्यामुळे उताऱ्यातून चित्र तयार झाले नाही तेव्हा मनाने ती रिकामी जागा या सवयीच्या ओळीने भरून काढली. वाचकाला मात्र आपल्याला सगळे समजले असेच वाटत राहते, आणि ही चूक पकडायला कठीण जाते ती याच कारणाने.

चित्र का तयार होत नाही, याचे एक उत्तर ली ब्रूक्स या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. तो प्रयोग मला इतका आवडतो की तो जरा सविस्तर सांगतो. चार ओळी आणि चार स्तंभ अशी सोळा घरांची चौकट मनात आणायची. वरून दुसऱ्या ओळीतले, डावीकडून दुसरे घर ही सुरुवात. मग सूचना येतात: सुरुवातीच्या घरात १ ठेवा, त्याच्या उजवीकडच्या घरात २ ठेवा, त्याच्या वरच्या घरात ३, त्याच्या उजवीकडच्या घरात ४, त्याच्या खालच्या घरात ५. अखेरीस ऐकणाऱ्याने या सूचना पुन्हा सांगायच्या. ज्याने मनातल्या चौकटीत आकडे खरोखर मांडले, त्याला वाक्ये पाठ करावी लागत नाहीत. तो चित्राकडे ‘पाहून’ ती परत सांगतो. शिवाय जे कोणत्याच सूचनेत नव्हते तेही त्याला दिसते. ५ च्या लगेच डावीकडे कोणता आकडा आहे? तेथे २ आहे. २ आणि ५ यांना जोडणारे वाक्य एकही नव्हते, तरी ते शेजारी बसले आहेत. आकलनासाठी मनातील चित्र उपयोगी पडते ते यासाठी: न सांगितलेली नाती त्यात आपोआप तयार होतात.

ब्रूक्सने अशा सूचना काही वेळा फक्त ऐकवल्या आणि काही वेळा लोकांना छापील मजकुरातून वाचायला दिल्या. वाचताना मजकूर समोरच असतो, तेव्हा वाचणाऱ्यांचे काम सोपे व्हायला हवे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात केवळ ऐकणारे अधिक अचूक ठरले. मग त्याने त्याच घडणीची वाक्ये घेतली आणि ‘उजवीकडे’, ‘वर’ यांसारख्या शब्दांच्या जागी ज्यांना जागाच नाही असे शब्द घातले. म्हणजे ‘चांगल्या’ घरात, ‘संथ’ घरात, अशी निरर्थक वाक्ये झाली. या वाक्यांच्या बाबतीत निकाल उलटला आणि वाचणारे सरस ठरले. म्हणजे वाचन मुळात ऐकण्यापेक्षा अवघड आहे, असे नव्हे. अडचण फक्त जागांची मांडणी करायची असते तेव्हाच येत होती.

याचे स्पष्टीकरण असे दिले जाते. आलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तात्पुरत्या स्मृतीचे जे प्रारूप मांडले, त्यात शब्दांचा ध्वनी काही क्षण घोळवणारा एक भाग आहे आणि आकार व जागा धरून ठेवणारी जणू एक पाटी आहे. ही पाटी लहान असते. ओळीवरून उड्या मारत जाणारे डोळे, अक्षरांचे आकार ओळखणे, ओळ संपली की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेमके परतणे, ही सगळी कामे दृष्टीची आणि जागेची आहेत, आणि मनातील चौकट किंवा कडा मांडायलाही तीच पाटी लागते. एकाच पाटीवर दोघे एकाच वेळी लिहू लागले, तर एकाचे पुसले जाते. पुसले जाते ते बहुधा चित्र, कारण वाचन समोरच्या कागदाच्या बळावर चालूच राहते. ‘डोळ्यांसमोर चित्र आण’ ही सूचना वाचत असलेल्या मुलाला दिली, तर तिचा परिणाम फारसा होत नाही, त्यामागे हेच असावे असे मला वाटते.

म्हणून मी त्या वर्गात पद्धत बदलली. एक वाक्य वाचायचे, पूर्णविरामाला बोट ठेवायचे आणि डोळे पुस्तकावरून उचलून समोरच्या भिंतीकडे न्यायचे. या थांब्यात तीनच गोष्टी ठरवायच्या: मी कोठे उभा आहे, माझे तोंड कोणत्या दिशेला आहे, आणि नव्या वाक्यातली वस्तू आधीच्या वस्तूच्या कोणत्या बाजूला बसली. ‘पश्चिमाभिमुख’ या शब्दाशी मुले अडली होती. त्याऐवजी “कड्याचं तोंड मावळतीला आहे” असे म्हटल्याबरोबर ती वळून उभी राहिली, कारण कोणत्या धुऱ्यावरून उगवतीला जायचे हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. दुसरे वाक्य वाचल्यावर प्रत्येकाने उजवा हात लांब केला आणि तेथे बारा लेणी ‘ठेवली’. तिसऱ्या वाक्याला हात हळूहळू समोरून डावीकडे सरकला. शेवटच्या वाक्याला डावा हात टोकापर्यंत गेला. पहिल्या लेण्याचा प्रश्न आता मला विचारावाच लागला नाही.

एक चित्र मात्र अजूनही चुकीचे होते, आणि ते हात हलवून कळणारे नव्हते. मी विचारले, “पाऊस आला, तर कैलासचे शिखर भिजेल का?” बहुतेकांनी नाही म्हटले, कारण लेणे म्हणजे डोंगराच्या पोटातली अंधारी खोली, हे चित्र ‘लेणे’ या शब्दाबरोबरच मनात येऊन बसले होते. ‘माथ्यापासून खाली’ हे शब्द त्यांनी वाचले होते, पण आधी बसलेल्या चित्रात ते मावले नाहीत. कैलास म्हणजे डोंगरात वरून खोदलेला एक प्रचंड खड्डा, ज्याची मागची भिंत सुमारे तीस मीटर उंच आहे, आणि त्या खड्ड्याच्या मध्यभागी उघड्या आभाळाखाली उभे ठेवलेले मंदिर. चित्र तपासायचे असेल, तर असा प्रश्न विचारावा ज्याचे उत्तर उताऱ्यात शब्दशः नाही, पण चित्र बरोबर असेल तर चटकन दिसते. ‘तुला चित्र दिसते का?’ असे विचारून काहीच कळत नाही; प्रत्येक मूल होच म्हणते.

वाचकाचे कष्ट पुष्कळ अंशी लेखकाच्या हातातही असतात. मिशेल डेनिस आणि मार्गरीट कोक्यूद यांनी एका गोल बेटाचे वर्णन लोकांना ऐकवले. त्याच्या काठावर सहा ठिकाणे होती. ती घड्याळाच्या काट्यांच्या क्रमाने सांगितली, तेव्हा नेमके अंतर धरून ठेवणारे चित्र लवकर तयार झाले. तीच ठिकाणे उलटसुलट क्रमाने सांगितली, तेव्हा तेच वर्णन अधिक वेळा ऐकावे लागले. माझ्या उताऱ्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे असा सलग क्रम होता. त्यातच जैन लेणी आधी, मग बौद्ध, मग हिंदू असे लिहिले असते, तर तीच माहिती देऊनही मी मुलांचे काम कठीण केले असते. पाठ्यपुस्तकातले एखादे स्थळवर्णन मुलांना कळले नाही, तर आधी त्यातील वाक्यांचा क्रम तपासावा, असे मी आता शिक्षकांना आवर्जून सांगतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. काही माणसांच्या मनात दृश्य प्रतिमा उमटतच नाही. अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. अशी माणसेही उजवे-डावे आणि पुढे-मागे यांचे प्रश्न सोडवतात, म्हणून मुलाकडून मी रंग किंवा झगझगीत तपशील मागत नाही. वस्तूंची परस्परांतली जागा बरोबर असली की पुरे. उलट, ज्या मुलाने कैलासच्या दारातल्या फुलांचे हार रंगवून सांगितले, त्याचे पहिले लेणे डावीकडेच राहिले होते. शिवाय उतारा कल्पनांचा असेल, जसे करप्रणाली किंवा मतदानाचा अधिकार, तर वाक्यागणिक थांबून चित्र शोधणे हा निव्वळ अडथळा ठरतो.

लिंडा गँब्रेल आणि रूबी बेल्स यांनी १९८६ साली चौथी-पाचवीतल्या, वाचनात मागे असलेल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात आढळले, की मनात चित्र काढायला सांगितलेल्या मुलांना मजकुरातील विसंगती इतरांपेक्षा अधिक सापडतात. तेच पाहावे म्हणून पुढच्या शनिवारी मी उताऱ्याच्या शेवटी मुद्दाम एक चुकीचे वाक्य घातले: “सकाळचे कोवळे ऊन समोरून थेट लेण्यांच्या दारांतून आत शिरते.” उतारा वाचून झाल्यावर वर्ग शांत होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पूर्णविरामावर बोट ठेवून बराच वेळ भिंतीकडे पाहत बसली होती. मग ती म्हणाली, “सर, सकाळी दिवस तर डोंगराच्या मागून वर येतोय. मग ऊन समोरून आत कसं शिरंल?”