'केला असता' की 'केलो असतो'?

निकाल लागले की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: 'मी अभ्यास केला असतो तर पास झालो असतो.' पश्चात्ताप खरा असतो, पण 'केला असतो' हे रूप बसत नाही. हवं 'केला असता'. यावर लगेच प्रश्न येतो की कर्ता एकच, 'मी', तर एकाच वाक्यात आधी 'असता' आणि नंतर 'असतो' कसं? याच प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे, कारण त्याच्या उत्तरात मराठी क्रियापदाचं सगळं यंत्र उघडं पडतं.

'असता' बाजूला काढा आणि साधा भूतकाळ म्हणा. 'मी अभ्यास केला.' 'मी पास झालो.' पहिल्यात क्रियापद 'मी'कडे बघतच नाही, ते 'अभ्यास' या कर्माच्या मागे जातं. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग तो हाच. दुसऱ्यात कर्म नाही, म्हणून क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. तो कर्तरी. आता 'असता' परत जोडा. तो मुख्य क्रियापदाची सावली आहे, ते जिकडे वळेल तिकडे तोही वळतो. केला असता, झालो असतो. कर्म बदललं तर सावलीही बदलते: 'मी परीक्षा दिली असती', 'मी पुस्तक वाचलं असतं'. बोलणारी स्त्री असेल तर 'मी अभ्यास केला असता तर पास झाले असते'. पहिला भाग जसाच्या तसा राहिला, कारण अभ्यास तिच्यासाठीही पुल्लिंगीच आहे. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कुणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: 'मी तिला बोलावलं असतं'.

काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याला सोडत नाहीत. आपण 'मी गणित शिकलो', 'मी नाव विसरलो' म्हणतो, म्हणून 'शिकलो असतो', 'विसरलो असतो' हेच बरोबर. काही बोलींत 'मी काम केलो' म्हणतात. तिथे 'केलो असतो' म्हणणारा माणूस स्वतःच्या बोलीचा नियम चोख पाळतो आहे, त्याला अशुद्ध म्हणण्यात शास्त्र नाही. गडबड 'केला असतो'मध्ये आहे, कारण तिथे दोन शब्द दोन दिशांना जातात.

दुसरी चूक तृतीय पुरुषात होते: 'ती आली असते तर', 'तो आला असतो तर'. कारण समजण्यासारखं आहे. 'मी घरी असतो' ही रोजची सवय आणि 'मी घरी असतो तर' ही न घडलेली गोष्ट, प्रथमपुरुषी दोन्हींचं रूप एकच. पण तृतीय पुरुषात वाटा फुटतात. सवय सांगताना तो असतो, ती असते, ते असतात. न घडलेलं सांगताना तो असता, ती असती, ते असते. म्हणून 'ती आली असती तर'.

बेतांचं वाक्य वेगळं. 'उद्या वेळ मिळाला तर येईन.' उद्याची गोष्ट, मग 'मिळाला' हा भूतकाळ कसा? कारण 'मिळाला'मधला 'ला' मुळात काळ दाखवत नाही, क्रिया पुरी होणं दाखवतो. पायात चप्पल घालायची असतानाही आपण 'आलोच!' म्हणतो, तसंच हे. अट आधी पुरी होईल, मग येणं. 'वेळ मिळेल तर येईन' ही हिंदीच्या धर्तीची रचना आता वरचेवर दिसते. अर्थ कळतो, पण माझ्या कानाला ती खटकते.

क्रियापदांच्या रूपांवरून माणसांच्या विचारशक्तीची मापं काढणाऱ्यांपासून मात्र सावध राहावं. चिनी भाषेत 'असता'सारखं वेगळं रूप नाही, म्हणून चिनी भाषकांना न घडलेल्या गोष्टींचा विचार जड जातो, असा दावा 1981 मध्ये अभ्यासक आल्फ्रेड ब्लूम यांनी लोकांना गोष्टी वाचायला देऊन केलेल्या प्रयोगावरून केला. 1983 मध्ये टेरी ऑ यांनी गोष्टी सहज चिनीत लिहून तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ती अडचण उरली नाही.

'असता'ही भूतकाळाचा बांधील नाही. 'उद्या तू आली असतीस तर दोघी मिळून गेलो असतो' हे वाक्य उद्याबद्दल आहे आणि पूर्ण बरोबर आहे, फक्त ती येणार नाही हे आधीच ठरलेलं आहे. लिहिताना शंका आली तर वाक्यापुढे 'बघू' लावून पाहा, मग 'पण ते शक्य नाही' लावून पाहा. 'तू आलीस तर जाऊ, बघू.' 'तू आली असतीस तर गेलो असतो, पण ते शक्य नाही.' शेपट्यांची अदलाबदल केली की वाक्य लगेच अडखळतं.