‘कुम लाउडे’चा भाव का उतरला?

पदवी प्रमाणपत्रावर नावाजवळ ‘कुम लाउडे’ म्हणजे ‘प्रशंसेसह’ असे शब्द दिसले की ही मध्ययुगापासून चालत आलेली रीत असावी, असे वाटते. विद्यापीठांतली लॅटिन तेवढी जुनी आहेच. पण पदवीच्या मानाच्या तीन पायऱ्या आज जशा ओळखल्या जातात, तशा त्या अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजात रुळल्या, आणि त्याला जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत.

त्याआधी हार्वर्डमध्ये रोजच्या वर्गात धडा म्हणून दाखवला की आठपैकी गुण मिळत. प्रार्थनेला दांडी मारली की गुण कापले जात. या बेरजेवरून अख्ख्या वर्गाची एकच क्रमवारी लागे. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट अध्यक्ष झाले आणि ऐच्छिक विषय वाढत गेले. एकाने ग्रीक घेतले, दुसऱ्याने रसायनशास्त्र, तर दोघांना एका ओळीत उभे कसे करायचे? क्रमांकाऐवजी श्रेणीची गरज तिथूनच वाढली, असे मला वाटते. हार्वर्डने पदवीसोबत असा मान देणे १८६९ मध्येच सुरू केले. १८७२ ते १८७९ दोनच पायऱ्या होत्या, ‘कुम लाउडे’ आणि तिच्या वरची ‘सुम्मा कुम लाउडे’, म्हणजे ‘सर्वोच्च प्रशंसेसह’. १८८० पासून मधली ‘माग्ना कुम लाउडे’, म्हणजे ‘मोठ्या प्रशंसेसह’, आली. पुढे अमेरिकेतल्या इतर कॉलेजांनीही या पायऱ्या उचलल्या.

खरी अडचण पुढे झाली. मान मिळवण्याची अट गुणांशी बांधलेली होती आणि दशकामागून दशक गुणच वर सरकत गेले. अट जागेवर राहिली, पण ती ओलांडणारे वाढले. २००१ मध्ये हार्वर्डच्या ९१ टक्के पदवीधरांना कोणता ना कोणता मान मिळाला. हजारांचा वर्ग धरला तर ९१० जण ‘प्रशंसेसह’ आणि फक्त ९० जण साधे पदवीधर! मान नसणे हीच तिथे ठळक गोष्ट झाली. ही बातमी गाजली आणि २००५ च्या तुकडीपासून ६० टक्क्यांची मर्यादा आली. त्याच हजारांत आता जास्तीत जास्त ६००. मर्यादा योग्यच होती, पण तिचीही किंमत आहे: यात तुमचा मान तुमच्या गुणांइतकाच सोबतच्या तुकडीवर अवलंबून राहतो.

देश बदलला की याच शब्दांचे वजनही बदलते. जर्मनीत डॉक्टरेटला ‘सुम्मा’ आणि ‘माग्ना’नंतर ‘कुम लाउडे’ येते आणि तिच्याखाली ‘रिटे’, म्हणजे नुसते उत्तीर्ण. तिथे ‘कुम लाउडे’ वाचून कोणी भारावत नाही. नेदरलँड्समध्ये मात्र डॉक्टरेटला ती क्वचितच मिळते आणि तिच्यावर दुसरी पायरीच नाही.

म्हणून नुसत्या प्रमाणपत्रावरून अंदाज बांधू नये. सोबतची गुणपत्रिका पाहावी आणि त्या वर्षी किती टक्के विद्यार्थ्यांना तो मान मिळाला ते विद्यापीठाला विचारावे. युरोपातल्या पदवीला ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ नावाचे पुरवणी पत्र जोडलेले असते, त्यात तिथली श्रेणीपद्धत समजावून दिलेली असते.