पालक आणि हाडांचं कॅल्शियम

“पालकात दुधाइतकंच कॅल्शियम असतं. पाळी थांबल्यावर रोज पालक खा, दूध-दही नको,” असं सांगितलं जातं.

पोषणमूल्यांच्या तक्त्यातले आकडे खरंच जवळपास सारखे आहेत. पण पालकातलं ऑक्झॅलेट त्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून शरीराला जेमतेम ५ टक्के मिळतं. दुधातलं सुमारे ३० टक्के. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत लागतात ना? ते हेच ऑक्झॅलेट. मेथीत ते फार कमी.

इंदूरला आमच्याकडे दुकान बंद होता होता नऊ वाजतात. तेव्हा वीस मिनिटांत मेथी घातलेलं पिठलं, नाचणीची भाकरी, वाटीभर दही. माणशी अर्धी वाटी बेसन घेतलं तर पिठलं-दह्यातून साधारण १५ ग्रॅम प्रथिनं होतात. पालक लोहा-फोलेटसाठी खुशाल खा, फक्त कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका. मुतखडा होऊन गेला असेल तर रोजचा पालक डॉक्टरांना विचारूनच.