चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर (सीएजीआर) आणि त्याचा ताळा

सुरुवातीची रक्कम दरवर्षी एकाच दराने वाढली असती, तर ती शेवटच्या रकमेपर्यंत किती टक्क्यांनी पोचली असती, हे सांगणारा दर म्हणजे चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर. अंतिम मूल्याला प्रारंभिक मूल्याने भागायचे, भागाकाराचे जितकी वर्षे तितकावे मूळ काढायचे आणि त्यातून १ वजा करायचा.

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ३१ डिसेंबर २०१३ रोजी २१,१७०.६८ वर बंद झाला आणि २९ डिसेंबर २०२३ रोजी ७२,२४०.२६ वर. भागाकार ३.४१२३ येतो. त्याचे दहावे मूळ १.१३०६, म्हणजे दर १३.०६ टक्के. एक्सेलमध्ये हे असे लिहितात:

```
=(72240.26/21170.68)^(1/10)-1
```

येथे `1/10` भोवतीचा कंस द्यायचा राहिला, तर एक्सेल आधी घात घेते, मग दहाने भागते आणि उत्तर उणे ६५.८८ टक्के दाखवते. निर्देशांक तिपटीहून वर गेलेला असताना दर उणे आला, की कंस तपासावा.

ताळा उलट दिशेने करतात. मिळालेल्या दराने सुरुवातीच्या आकड्याचे भविष्यमूल्य काढायचे:

```
=21170.68*(1+0.1306)^10
```

उत्तर सुमारे ७२,२४८ येते. खऱ्या आकड्याहून आठ अंकांनी जास्त, कारण दर दोन दशांश स्थळांपर्यंत घेतला आहे. दर नुसता १३ टक्के धरला, तर भविष्यमूल्य सुमारे ७१,८६५ येते, म्हणजे फरक पावणेचारशे अंकांचा. म्हणून ताळ्यासाठी पूर्णांकात आणलेला दर न घेता मूळ सूत्राचा सेलच जोडावा. मग आकडा तंतोतंत जुळतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे एकूण २४१ टक्के वाढीला दहाने भागून दर २४.१ टक्के सांगणे. ताळा ही चूक लगेच पकडतो. या दराने दहा वर्षांत सेन्सेक्स १ लाख ८० हजारांच्याही वर गेला असता.

वर्षे मोजण्यातली चूक मात्र ताळ्यातून निसटते, आणि खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. २०१३ ते २०२३ ही नावे मोजली तर अकरा भरतात, पण डिसेंबर ते डिसेंबर असे पूर्ण झालेले अवधी दहाच. अकरा धरल्यास दर ११.८० टक्के येतो, आणि ताळ्यातही अकराच घातले की भविष्यमूल्य बरोबर ७२,२४० च्या आसपास येऊन बसते. म्हणून ताळ्यातली वर्षे दराच्या सूत्रातून उचलू नयेत, दोन तारखांच्या वजाबाकीतून नव्याने काढावीत.

मध्येच पैसे घातले किंवा काढले असतील, उदाहरणार्थ दरमहाच्या एसआयपीत, तर हे सूत्र लागूच होत नाही. तिथे प्रत्येक हप्त्याची तारीख विचारात घेणारे `XIRR` वापरावे लागते.